पुस्तक उघडं ठेवून परीक्षा: डी.एल.एड.-बी.एड.च्या प्रश्नपत्रिकेमागची गोष्ट

परीक्षेवर तक्रार जुनी आहे. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने तर विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची, असं लिहून ठेवलं. पुस्तक सोबत ठेवून परीक्षा घेण्याचा मोठा प्रयोग मात्र आपल्याकडे शाळेत झाला. मार्च 2014 पासून सीबीएसईने नववीला आणि अकरावीच्या काही विषयांना असे प्रश्न ठेवले. उतारे शाळांना काही महिने आधीच मिळत. मग व्हायचं तेच झालं: त्या उताऱ्यांवरचे संभाव्य प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरं वर्गात घोटून घेतली गेली. 2017-18 पासून ती पद्धत बंद झाली. माझ्या मते तिथे पुस्तकाचा दोष नव्हता. उतारा आधी फुटला, म्हणून पाठांतर परत आलं.

2020 मध्ये करोनाकाळात दिल्ली विद्यापीठाने घरी बसून, पुस्तकं पाहून परीक्षा घेतली. तिथे अडचण निघाली उत्तरपत्रिका अपलोड करण्याची. गडचिरोली-चंद्रपूरच्या आतल्या गावांत हे वेगळं सांगायला नको. म्हणून आपल्याकडे डी.एल.एड.-बी.एड.ला ही परीक्षा हॉलमध्ये, कागदावर आणि छापील पुस्तकांवरच शोभते. इथली खरी अडचण वेगळी आहे. ग्रंथालयात संदर्भग्रंथाच्या दोन-चार प्रती असतात आणि बहुतेकांच्या पिशवीत गाईड. ज्याच्याकडे पुस्तकं जास्त त्याला गुण जास्त, असं व्हायला नको. त्यामुळे काय आणायचं याची यादी आधी लावावी आणि लागणारी दोन-तीन पानं कॉलेजनेच सगळ्यांना सारखी द्यावीत. ज्या प्रसंगावर प्रश्न विचारायचा, तो मात्र प्रश्नपत्रिकेबरोबरच मिळावा.

आता प्रश्न. ‘निदानात्मक चाचणीचे टप्पे लिहा’ हा प्रश्न पुस्तक उघडलं की मेला. उतरवून काढायला पाच मिनिटं लागतात. त्याऐवजी जिल्हा परिषद शाळेतल्या तिसरीच्या मुलाची वही समोर ठेवावी:

52 − 27 = 35
64 − 38 = 34
75 − 23 = 52
40 − 16 = 36

दहा गुणांसाठी चार गोष्टी विचाराव्यात. मूल काय करतंय? ते 81 − 46 चं उत्तर काय लिहील? त्याला पुढे कसं शिकवाल? आणि जमलं की नाही हे कोणत्या गणिताने तपासाल?

हे मूल वर-खाली न पाहता प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. तिसरं गणित बरोबर आलं, कारण तिथे हातचा लागतच नाही. तेव्हा त्याला वजाबाकी येत नाही असं नाही. दशक सुटा करायचा असतो, हे त्याला उमगलेलं नाही. 81 − 46 ला ते 45 लिहील. खरं उत्तर 35. हे 45 कोणत्याही गाईडात सापडत नाही, आणि प्रश्नाचा खरा कस तिथेच लागतो.

गुणदानाची गोष्ट याहून जुनी. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी 1913 मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांना तपासायला दिली, तर शंभरपैकी गुण तिसाच्या खालपासून नव्वदीच्या वरपर्यंत पडले. भूमितीत हे, तर शिक्षणशास्त्रात काय होत असेल! तेव्हा गुणांची वाटणी प्रश्नाबरोबरच लिहावी आणि ती छात्राध्यापकांनाही दिसावी. कारणाला 3 गुण, पण पूर्ण तीन तेव्हाच जेव्हा वहीतली निदान दोन गणितं पुरावा म्हणून दाखवली असतील आणि त्यातलं एक 75 − 23 असेल. ‘मुलाचा गोंधळ होतो’ एवढ्याला 1. अंदाजाला 2: 45 आणि त्याची रीत, नुसत्या 45 ला 1.

शिकवण्याला 3. तुराट्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून, एक गठ्ठा सोडून, मग तीच कृती दशक-एककाच्या मांडणीत लिहून दाखवणं, असा क्रम असेल तर पूर्ण गुण. ‘शैक्षणिक साधने वापरावीत, भरपूर सराव द्यावा’ याला शून्य, कारण ते कोणत्याही मुलाला लागू पडतं. पियाजेच्या अवस्था पानभर उतरवल्या तरी शून्य. ‘मूर्त क्रियात्मक अवस्था’ हा शब्द गठ्ठ्यांशी जोडला असेल तरच तो धरावा.

तपासणीच्या 2 गुणांत सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. चांगली उत्तरं लिहिणारेही शेवटी 68 − 23 देऊन मोकळे होतात. ते मूल हे गणित जुन्या चुकीच्या रीतीनेही बरोबर सोडवेल, म्हणजे काहीच तपासलं गेलं नाही. 63 − 28 चालेल. त्याहून बरं 50 − 27, कारण शून्य असलेलं गणितही त्याचं चुकलं होतं.

तपासण्याआधी दोघा परीक्षकांनी चार-पाच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासून गुण ताडून पाहावेत. एकाच उत्तराला दोघांत दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला, तर वाटणीतलं ते वाक्य सैल आहे, असं समजून ते आधी नीट करावं आणि मग उरलेला गठ्ठा हाती घ्यावा. अंतिम लेखी परीक्षा आपल्या हातात नसते, त्यामुळे हे सारं अंतर्गत चाचणीपासून सुरू करणं सोयीचं. तीन तासांना असे तीनच प्रश्न पुरतात; पाच दिले की पोरं पानं उलटण्यातच वेळ घालवतात.