ट्रक, मोटार आणि तीनशे विद्यार्थ्यांचा वर्ग: व्याख्यान की सक्रिय अध्ययन, या वादाची पार्श्वभूमी

एक जड ट्रक आणि एक छोटी मोटार समोरासमोर धडकतात. कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम बारावीपर्यंत सगळ्यांचा पाठ झालेला असतो. दोन्ही बलं सारखीच, हे उत्तर त्यातूनच निघतं. तरीही पदवीच्या पहिल्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली बरीच मुलं ‘ट्रक’ असंच उत्तर देतात. मोठ्या वर्गात नुसतं व्याख्यान द्यावं की विद्यार्थ्यांकडून काही करून घ्यावं, या वादाला आकड्यांचा आधार मिळाला तो अशा साध्या प्रश्नांमुळे.

१९८५ मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या इब्राहिम हॅलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी यामिकीच्या मूळ कल्पना तपासणारी एक चाचणी प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये तिचं सुधारित रूप आलं, फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही. प्रश्न बहुपर्यायी आहेत आणि चुकीचे पर्याय मुलांच्या मनात खरोखर असलेल्या गैरसमजांवरून घेतलेले आहेत, त्यामुळे सूत्र पाठ करून इथे काम भागत नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० मध्येच अशी चाचणी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलं तसं लिहू, की मला वाटतं तसं? पुढे त्यांनी एकाच परीक्षेत विद्युतमंडलावर दोन प्रश्न ठेवले. एकात समीकरणं मांडून प्रवाह काढायचा होता, दुसऱ्यात कळ दाबल्यावर दिव्यांचं काय होईल एवढंच सांगायचं होतं. अवघड दिसणारा पहिला प्रश्न मुलांनी जास्त चांगला सोडवला. नेहमीच्या परीक्षेत चांगले गुण पडत असताना हा गोंधळ झाकलेला राहतो, आणि आपलं व्याख्यान पोचतंय असा शिक्षकाचा प्रामाणिक समज होतो तो त्यामुळेच.

माझूर यांनी १९९१ पासून वर्गाची रचना बदलली. थोडा वेळ विषय मांडायचा, मग एक संकल्पनात्मक प्रश्न पडद्यावर द्यायचा. एक-दोन मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून विचार करायचा आणि स्वतःचं उत्तर नोंदवायचं. मग शेजाऱ्याशी, शक्यतो वेगळं उत्तर दिलेल्या शेजाऱ्याशी, दोन ते चार मिनिटं चर्चा करायची. पुन्हा उत्तर नोंदवायचं आणि त्यानंतरच शिक्षकाने खुलासा करायचा. यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या फेरीचा निकाल. साधारण ३५ ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तरच चर्चेला सोडायचं. त्याहून कमी असतील तर पटवून देणारं माणूसच आसपास नसतं, म्हणून मुद्दा पुन्हा समजावायचा. त्याहून जास्त असतील तर चर्चेत वेळ वाया जातो. पहिली, मूक फेरी वगळणं ही नेहमी होणारी चूक. मग बाकावरचा हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. उत्तरं नोंदवायला क्लिकर, म्हणजे बटण दाबून उत्तर पाठवायची छोटी यंत्रंच, लागतात असंही नाही. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या एका कॉलेजात क्लिकर आणि साधी अक्षरांची कार्डं यांची तुलना झाली, तेव्हा शिकण्यात लक्षणीय फरक दिसला नाही.

वर्गांची तुलना करायला वेगळं माप लागतं, कारण हुशार मुलांच्या वर्गाला सुरुवातीलाच जास्त गुण असतात. म्हणून जेवढं मिळवायचं शिल्लक होतं, त्यातलं किती मिळालं हे पाहतात. सुरुवातीला सरासरी ४० टक्के आणि शेवटी ५५ टक्के असेल, तर शिल्लक ६० पैकी १५ मिळाले, म्हणजे ०.२५. शेवटी ७० टक्के असते तर ०.५ आलं असतं. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे आकडे या मापाने तपासले. पारंपरिक वर्गांची सरासरी ०.२३ होती, विद्यार्थ्यांना गुंतवणाऱ्या वर्गांची ०.४८. माझूर यांच्या वर्गात व्याख्यानाच्या वर्षी हे माप ०.२५ होतं, पद्धत बदलली त्या पहिल्याच वर्षी ०.४९ झालं.

यावर रास्त शंका निघाली. चर्चेनंतर उत्तरं सुधारतात ती समजल्यामुळे, की शेजाऱ्याचं बघून? बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३५० विद्यार्थ्यांच्या आनुवंशशास्त्राच्या वर्गात याची परीक्षा घेतली. त्यांनी प्रश्नांच्या १६ जोड्या केल्या. जोडीतले दोन्ही प्रश्न दिसायला वेगळे, पण तत्त्व एकच. पहिला प्रश्न एकट्याने सोडवायचा, चर्चा करायची, तोच पुन्हा सोडवायचा आणि लगेच दुसरा प्रश्न एकट्याने. बरोबर उत्तर तोपर्यंत कोणालाच सांगितलेलं नसे. बरोबर उत्तरांचं प्रमाण आधी ५२ टक्के होतं, चर्चेनंतर ६८ आणि नव्या प्रश्नावर ७३. नुसती नक्कल असती तर तिसरा आकडा खाली यायला हवा होता. दोन्ही वेळा चुकलेल्यांपैकीही ४४ टक्क्यांनी नवा प्रश्न बरोबर सोडवला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग या साऱ्या इतिहासातला सर्वांत नेटका आहे, कारण तो फरक पडतो का एवढ्यावर न थांबता कशामुळे पडतो ते विचारतो.

२०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले २२५ तुलनात्मक अभ्यास एकत्र केले. नापासांचं प्रमाण व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के होतं, सक्रिय वर्गात २१.८ टक्के. वर्ग लहान असो की मोठा, फायदा दिसला. पन्नासपर्यंतच्या वर्गात तो सर्वाधिक होता. मात्र संकल्पना चाचण्यांवर जेवढा फरक पडला, त्याच्या जवळजवळ निम्माच शिक्षकांनी काढलेल्या परीक्षांवर पडला. कोणी ठळक आकडा पुढे केला, तर तो कुठल्या कसोटीवरचा हे आधी विचारावं.

दुसरी मर्यादा शिक्षकांची. असे बहुतेक अभ्यास अध्यापनावर संशोधन करणाऱ्यांनी स्वतःच्या वर्गात केलेले असतात. टेसा अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उलट वाट धरली. अमेरिकेतल्या महाविद्यालयांतल्या जीवशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमांचा यादृच्छिक नमुना घेऊन त्यांनी नैसर्गिक निवडीची समज मोजली. आठवड्यात किती वेळा कृती करून घेतली, याचा शिकण्याशी काहीच संबंध सापडला नाही. त्यांच्या मते नेहमीचे शिक्षक पद्धतीचं बाह्यरूप उचलतात, पण मुलांच्या मनातल्या गैरसमजावर नेमका घाव घालणारा प्रश्न त्यात नसतो. चर्चा रंगते आणि गैरसमज तसाच घरी जातो.

मुंबईत आयआयटीच्या प्रोग्रामिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमात, चारशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सभागृहात, सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी ‘थिंक-पेअर-शेअर’ वापरलं. आधी एकट्याने लिहायचं, मग शेजाऱ्याबरोबर पुढचा टप्पा सोडवायचा, मग सर्व वर्गात चर्चा. २०१३ च्या अहवालात त्यांनी निरीक्षणावरून ८३ टक्के विद्यार्थी गुंतलेले होते असं मांडलं. पण गुंतलेला विद्यार्थी शिकलाच असेल असं धरून ते थांबले नाहीत. त्यातून शिकणं होतं का, हा प्रश्न त्यांनी पुढच्या वर्षी स्वतंत्र अभ्यासासाठी घेतला.