गुरुजींकडे स्क्रिप्ट पाठवण्याआधी एवढं बघून घ्या

नमस्कार. सण-व्रतांचे, पूजाविधीचे, पुराणकथांचे व्हिडिओ करणाऱ्या चॅनेलवाल्यांची स्क्रिप्ट आम्ही गुरुजी आणि संस्कृतच्या अभ्यासकांकडून तपासून देतो हे तुम्हाला माहितीच आहे. श्रावण लागला की फोन सुरू होतात आणि प्रश्न एकच असतो, "दोन पानांचं तर आहे, वाचायला चार दिवस कशाला?" म्हणून हे लिहून ठेवतोय, म्हणजे यंदा गणपतीच्या गडबडीत तुमचाही वेळ वाचेल आणि आमचाही.

वाचायला अर्धा तासच लागतो. बाकीचा वेळ जातो तो "शास्त्रात सांगितलंय" या दोन शब्दांपायी. स्क्रिप्टमध्ये असं वाक्य आलं की गुरुजी तिथे थांबतात आणि विचारतात, कुठल्या शास्त्रात? तुम्ही ते कुठून घेतलं हे आम्हाला माहीत नसतं, मग आम्ही तुम्हाला विचारणार, तुम्ही लेखकाला विचारणार, लेखक म्हणणार कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं होतं, आणि तोवर गुरुजी दोन पूजांना जाऊन आलेले असतात. एका स्क्रिप्टमध्ये अशी दहा वाक्यं असली तर चार दिवससुद्धा कमी पडतात.

तेव्हा पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हे करा, की स्क्रिप्टच्या उजव्या बाजूला एक रकाना ठेवा आणि प्रत्येक दाव्यासमोर तो कुठून आला ते लिहा. ग्रंथातला असेल तर ग्रंथ आणि अध्याय, पोथीतला असेल तर त्या पानाचा फोटो, घरची किंवा गावची रीत असेल तर "रीत", आणि नुसतं ऐकलेलं असेल तर सरळ "ऐकीव" लिहा. ऐकीव लिहायला लाजू नका, उलट त्यानेच काम पटकन होतं, कारण आधी काय शोधायचं ते गुरुजींना लगेच कळतं. रीत असणं हाही दोष नाही. फक्त रीत असेल तर व्हिडिओत "आमच्याकडे असं करतात" म्हणायचं, "शास्त्राने सांगितलंय" म्हणायचं नाही.

मागच्या वर्षीचं उदाहरण सांगतो. गणेश चतुर्थीच्या पूजेची स्क्रिप्ट आली, साधारण 1400 शब्दांची. दुसऱ्या मिनिटाला वाक्य होतं, "गणपतीला तुळस कधीही वाहायची नाही, असं शास्त्र सांगतं." आणि पुढे सातव्या मिनिटाला 21 पत्रींची यादी, त्यात माका, बेल, शमी, आघाडा, रुई, केवडा यांच्याबरोबर तुळसपण होती! दोन्ही गोष्टी लेखकाने दोन वेगळ्या ठिकाणाहून उचलल्या होत्या आणि रकाना रिकामा होता, त्यामुळे त्याच्या ते लक्षातच आलं नाही. आता यातलं खोटं काहीच नाही. गणपती आणि तुळशीच्या शापाची कथा ब्रह्मवैवर्त पुराणाच्या गणेशखंडात आहे, आणि पूजेच्या पोथ्यांमध्ये भाद्रपद चतुर्थीच्या पत्रींत तुळस येते. चुकला होता तो एकच शब्द, "कधीही". गुरुजींनी वाक्य असं करून दिलं: "एरवीच्या पूजेत गणपतीला तुळस वाहत नाहीत, पण या दिवशीच्या पत्रीपूजेत मात्र ती असते." काम दहा मिनिटांचं होतं, पण क्लायंटने आवाज आधीच रेकॉर्ड करून, एडिटसुद्धा करून ठेवलं होतं, त्यामुळे आवाज देणाऱ्या ताईंना परत बोलवावं लागलं आणि व्हिडिओ चतुर्थीच्या आदल्या रात्री कसाबसा चढला.

त्याच व्हिडिओत टायपिंगमध्ये माकाचा मका झाला होता आणि एडिटरने इमानदारीत मक्याच्या पानाचा फोटो लावला होता. म्हणून आता आम्ही म्हणतो की स्क्रिप्टबरोबर स्क्रीनवर येणारे फोटो आणि पाट्यांचा मजकूरही पाठवा. पाठवायचं ते रेकॉर्डिंगच्या आधी, हे वेगळं सांगायला नको.

मंत्र आणि श्लोक कॉपी-पेस्ट करून पाठवू नका, निदान मूळ पानाचा फोटो तरी जोडा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना रफार उडतात, अनुस्वार हलतात, अवग्रह तर हमखास गायब होतो. आवाज देणारी व्यक्ती समोर दिसेल तेच वाचणार. आरत्यांचंही तेच, रोज म्हणतो म्हणून पाठ आहे असं धरून चालतो आणि "संकटी पावावें"चं "संकष्टी पावावें" होतं, "फणिवरबंधना"चं "फळीवर वंदना" होतं. आमच्याकडून मंत्रांची वाक्यं कुठे थांबायचं त्या खुणांसह परत येतात, आणि हवं असेल तर गुरुजींच्या आवाजातली क्लिपसुद्धा देतो, तिचे पैसे वेगळे.

मुहूर्ताच्या वेळा असतील तर गाव लिहा. गणेशपूजेला मध्याह्न धरतात, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त याचे पाच भाग करून त्यातला तिसरा. मुंबईत तो त्या सुमारास साधारण सव्वाअकरा-साडेअकरा ते पावणेदोन असा येतो, नागपुरात सूर्य पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो म्हणून तिथे तेवढाच आधी येतो, आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकाला तर आपली वेळ चालतच नाही, कधीकधी तिथीचा दिवसही बदलतो. "देशभरात एकच मुहूर्त" असं लिहिलेली स्क्रिप्ट आम्ही परत पाठवतो. एकादशीच्या व्हिडिओत स्मार्त की भागवत ते लिहा, नाहीतर निम्मे प्रेक्षक कमेंटमध्ये भांडत बसतात.

एका माणसाने सगळं तपासावं असा आग्रह बरेच जण धरतात, तो आम्ही मानत नाही. विधी आणि मंत्र याज्ञिक गुरुजी बघतात, निर्णयसिंधु-धर्मसिंधुसारख्या ग्रंथांतले आणि पुराणांतले संदर्भ संस्कृतचे अभ्यासक बघतात, आणि अभंग-ओव्या असतील तर त्या वारकरी परंपरेतल्या जाणकाराकडे जातात. विधी ऋग्वेदी पद्धतीचा आहे की यजुर्वेदी तेही आधीच सांगा, कारण दोन्हींमध्ये फरक असतो आणि एका पद्धतीचे गुरुजी दुसऱ्या पद्धतीला चूक म्हणायला धजत नाहीत, ते बरोबरच आहे. दोन जण बघतात म्हणून आमचा दर थोडा जास्त वाटतो, पण अपलोड झालेला व्हिडिओ उतरवून परत चढवण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

"हे केल्याने अमुक आजार बरा होतो", "विज्ञानानेही सिद्ध केलंय" अशी वाक्यं आमचे गुरुजी तपासत नाहीत, खोडून टाकतात. त्यावर वाद घालू नका, प्लीज.

शेवटचं, ओके झाल्यावर बदल करू नका. आलेल्या स्क्रिप्टवर "बरोबर", "बदला" किंवा "संदर्भ द्या" असे शेरे असतात, सगळे "बरोबर" झाले की खाली तारीख पडते. त्यानंतर शॉर्ट्ससाठी कापाकापी केली किंवा टायटलमध्ये "ही चूक केलीत तर बाप्पा कोपतो" असलं काही टाकलं तर ते गुरुजींच्या नावावर जातं. टायटल आणि थंबनेलचा मजकूर पहिल्या फाइलमध्येच पाठवा, त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

रकाना भरून आलेली 1000 शब्दांपर्यंतची स्क्रिप्ट दोन कामाच्या दिवसांत परत मिळते, रकाना रिकामा असेल तर पाच धरा. गणपतीच्या स्क्रिप्ट नारळी पौर्णिमेपर्यंत पाठवा, पुढे गुरुजी स्वतःच यजमानांकडे अडकलेले असतात. रकान्याची कोरी फाइल व्हॉट्सअॅपवर मागा, लगेच पाठवतो.