हात स्टिअरिंगवर असले की गाडी ताब्यात?

"हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर असली की झालं, मागे पोरं ओरडोत, गाणी वाजोत, सामान हलो, काही बिघडत नाही."

ताबा पायांतही असतो. सीटखाली ठेवलेली लिटरभर पाण्याची बाटली ब्रेक लागताच घरंगळत पुढे येते आणि पेडलच्या मागे अडकते. मग पाय कितीही दाबा, पेडल पूर्ण खाली जात नाही. खात्री करायची असेल तर सपाट जागी गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा, भरलेली बाटली पेडलमागे आडवी ठेवून हलकेच दाबून बघा. म्हणून बाटली दाराच्या कप्प्यात आणि बॅगा डिकीत, जड बॅग तळाशी.

नजरेचंही तसंच. ताशी ६० किमी वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. रडणाऱ्या मुलाकडे दोन सेकंद वळून पाहिलं, की ३३ मीटर रस्ता न बघता गेला. शिवाय खांदा वळला की स्टिअरिंगही नकळत ओढलं जातं. उभ्या गाडीत मागे पडलेलं खेळणं उचला आणि दुसऱ्याला सेकंद मोजायला सांगा. दोनात क्वचितच भागतं. मूल शांत होत नसेल तर आधी गाडी सुरक्षित जागी थांबवा. कुत्रा मांडीवर नको, मागे पट्ट्याने बांधलेला हवा.

गाण्यांचा आवाज किती ठेवायचा? उभ्या गाडीत काचा लावून नेहमीच्या आवाजात गाणी सुरू करा, मागच्या गाडीला हॉर्न द्यायला सांगा. तो ऐकू आला नाही, तर रुग्णवाहिकाही उशिराच कळेल.