गोल वाटाण्याच्या पोटात काय आहे?

वाळलेल्या वाटाण्याचे दोन गोल, गुळगुळीत दाणे शेजारी ठेवले, तर ते दिसायला अगदी सारखे असू शकतात आणि तरीही त्यांच्यापासून वाढणाऱ्या झाडांची संतती वेगवेगळी निघू शकते. एका झाडाच्या शेंगांमध्ये फक्त गोल दाणे मिळतील, तर दुसऱ्याच्या शेंगांमध्ये गोल दाण्यांबरोबर काही सुरकुतलेलेही असतील. हा फरक दाणा नुसता पाहून कळत नाही. तो ओळखण्याची एक साधी आणि खात्रीची रीत आहे, तिला चाचणी संकरण म्हणतात. ती समजण्यासाठी आधी ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो शहरातील मठाच्या बागेत 1856 ते 1863 या काळात केलेल्या प्रयोगांकडे जावे लागते.

वाटाण्याच्या फुलात खालच्या दोन पाकळ्या एकमेकींना चिकटून होडीसारखा आकार तयार होतो आणि त्यात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही झाकलेले असतात. फूल उमलण्याआधीच त्याचे पराग त्याच्याच कुक्षीवर पडतात, म्हणजे झाड आपले परागण आपणच उरकते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या फक्त गोल किंवा फक्त सुरकुतलेले दाणे देणारे शुद्ध वाण सहज मिळतात. मेंडेल यांनी अशा दोन शुद्ध वाणांचा संकर केला. येथे लक्ष फक्त दाण्याच्या आकारावर, म्हणजे एकाच गुणधर्मावर असल्यामुळे याला एकसंकर संकरण म्हणतात. मिळालेले सगळे दाणे गोल होते. अर्धवट सुरकुतलेला एकही नव्हता. सुरकुती नाहीशी झाली असे वाटावे, अशीच ही स्थिती होती.

पण हे संकरित दाणे पेरून आलेल्या झाडांना स्वतःचे परागण करू दिल्यावर सुरकुतलेले दाणे पुन्हा दिसले. 253 झाडांपासून मिळालेल्या 7324 दाण्यांपैकी 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले होते, म्हणजे जवळजवळ तीनास एक. याचा अर्थ असा, की सुरकुतीचा कारक घटक पहिल्या पिढीत नष्ट झाला नव्हता, तो फक्त दिसत नव्हता. जो गुणधर्म संकरात दिसतो तो प्रभावी आणि जो दडून राहतो तो अप्रभावी.

आता हे अक्षरांत मांडू. प्रत्येक झाडात दाण्याच्या आकाराच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. गोल करणाऱ्या प्रतीला R आणि सुरकुती आणणाऱ्या प्रतीला r म्हणू. शुद्ध गोल झाड RR, शुद्ध सुरकुतलेले rr आणि त्यांचा संकर Rr. परागकण किंवा बीजांडातील अंडपेशी तयार होताना या दोन प्रती वेगळ्या होतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला एकच प्रत येते. म्हणून Rr झाडाच्या निम्म्या परागकणांत R आणि निम्म्यांत r असतो, अंडपेशींचेही तसेच. दोन्ही बाजूंच्या शक्यता एकत्र केल्या की चार सारख्या शक्यता मिळतात: RR, Rr, rR आणि rr. त्यांपैकी पहिल्या तिन्हींत एक तरी R असल्यामुळे दाणा गोल होतो आणि फक्त शेवटच्यात सुरकुततो. तीनास एक हे प्रमाण येथून येते.

मात्र या तीन गोल दाण्यांकडे नीट पाहायला हवे, कारण त्यांतला एकच शुद्ध आहे आणि दोन संकरित आहेत. मेंडेल यांनी अशा गोल दाण्यांपासून 565 झाडे वाढवली. त्यांतल्या 193 झाडांनी फक्त गोल दाणे दिले आणि 372 झाडांनी दोन्ही प्रकारचे, म्हणजे साधारण एकास दोन.

एक R पुरेसा का पडतो, याचे कारण आज माहीत आहे. हे जनुक स्टार्चच्या रेणूला फांद्या फोडणारे एक विकर तयार करते. सुरकुतलेल्या वाणात या जनुकात डीएनएचा एक जास्तीचा तुकडा घुसलेला असतो आणि ते विकर बनत नाही. मग दाण्यात स्टार्च कमी व साखर जास्त साठते, साखरेमुळे पाणीही जास्त शिरते आणि वाळताना ते निघून गेल्यावर साल सुरकुतते. Rr दाण्यात एक चांगली प्रत दाणा गोल ठेवण्याइतके विकर बनवते. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे स्टार्चचे कण दोन्ही वाणांच्या मधल्या स्वरूपाचे दिसतात. म्हणजे R हा r ला दाबून टाकतो असे नव्हे. आपण कोणते लक्षण पाहतो, यावर प्रभावी कोण हे ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समोरचे झाड गोल दाण्यापासून वाढलेले आहे, पण ते RR आहे की Rr? उत्तरासाठी त्याचा संकर rr झाडाशी करायचा, हेच चाचणी संकरण. rr कडून नेहमी r च येणार, म्हणून संततीत जे दिसेल ते थेट परीक्षेतल्या झाडाने काय दिले ते सांगेल. झाड RR असेल तर सगळे दाणे Rr, म्हणजे गोल. झाड Rr असेल तर निम्मे Rr आणि निम्मे rr, म्हणजे गोल व सुरकुतलेले सारख्या संख्येने.

प्रत्यक्ष कृतीसाठी मादी म्हणून निवडलेल्या झाडाची न उमललेली कळी उघडून तिचे दहाही पुंकेसर परागकोश फुटण्याआधी चिमट्याने काढावेत, दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीवर लावावेत आणि फुलावर पिशवी बांधावी. दाण्याचा आकार त्याच्या आतल्या भ्रूणावर अवलंबून असल्यामुळे निकाल त्याच शेंगेत मिळतो. मात्र दाणे पूर्ण वाळू द्यावेत, कारण कोवळेपणी सगळेच गोल दिसतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे परागकोश आधीच फुटलेले असणे. सुरकुतलेले झाड मादी घेतले आणि त्याचे स्वतःचेच परागण होऊन गेले, तर सुरकुतलेले दाणे मिळतील आणि शुद्ध झाड संकरित समजले जाईल. म्हणून काही कळ्यांचे पुंकेसर काढून, पराग न लावता त्या पिशवीत ठेवाव्यात. त्यांना शेंग धरली तर काम नीट झालेले नाही. गोल झाडालाच मादी केले, तर मिळालेला सुरकुतलेला दाणा स्वपरागणातून आलेला असला तरी ते झाड Rr आहे हेच सांगतो.

समजा, एका झाडाच्या संकरातून 31 दाणे मिळाले, 17 गोल आणि 14 सुरकुतलेले. झाड Rr आहे, यात शंका नाही. खरे तर एक सुरकुतलेला दाणाही पुरेसा होता. दुसऱ्या झाडाचे 10 दाणे मिळाले आणि सगळे गोल निघाले. ते झाड Rr असूनही योगायोगाने असे होण्याची शक्यता 1024 मध्ये 1, म्हणून त्याला RR म्हणता येते. दाणे फक्त तीन असते, तर हीच शक्यता आठात एक राहिली असती.

स्वपरागणाने हीच परीक्षा घेतली, तर जास्त दाणे लागतात, कारण Rr झाडाचा प्रत्येक दाणा चारात तीन वेळा गोलच निघतो. दहाही दाणे गोल निघण्याची शक्यता तेव्हा शंभरात साडेपाचांहून थोडी अधिक असते. खोडाच्या उंचीसारख्या गुणधर्मांसाठी मेंडेल यांनी प्रत्येक झाडाचे दहा दाणे पेरून निर्णय घेतला होता. त्यामुळे काही संकरित झाडे शुद्ध ठरली असणार, हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1936 मध्ये दाखवले. दाण्याच्या आकाराच्या बाबतीत ही अडचण कमी होती, कारण तेथे पुढची पिढी पेरून वाढवण्याची गरज नव्हती आणि झाडाच्या सर्व शेंगा सोलून दाणे मोजता येत होते.