टँकर सुरू, तरी तालुका 'सुरक्षित' कसा?

मराठवाड्यात एप्रिल-मे आला की टँकरच्या याद्या निघतात. त्याच यादीतल्या तालुक्याचे नाव भूजलाच्या अहवालात मात्र 'सुरक्षित' या रकान्यात असू शकते. लोकांना ही थट्टा वाटते. अहवाल खोटा असतोच असे नाही, पण तो मोजतो ते वेगळेच काहीतरी.

या वर्गवारीचा उगम बँकेच्या कर्जात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी आणि पंपांसाठी कर्जे वाढली. दिलेल्या कर्जाच्या विहिरीला पाणी राहणार का, हा कर्ज देणाऱ्यांचा साधा प्रश्न होता. १९८४ साली केंद्राच्या भूजल अंदाज समितीने देशभरासाठी एक पद्धत घालून दिली. वर्षाला जेवढे पाणी जिरते त्याच्या ६५ टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर क्षेत्र 'पांढरे', ८५ पर्यंत 'करडे', त्यापुढे 'काळे'. काळ्या क्षेत्रात नव्या विहिरीला कर्ज मिळणे अवघड होई. १९९७ च्या पद्धतीत रंग गेले आणि उपशाच्या टक्क्यांसोबत पातळीचा दीर्घकालीन कलही पाहिला जाऊ लागला. २०१५ च्या पद्धतीत पुन्हा टक्केवारीच मुख्य झाली. ७० पर्यंत सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित, त्यावर अतिशोषित. पातळीचा कल आता फक्त पडताळणीपुरता उरला.

महाराष्ट्रात हिशेब पाणलोट क्षेत्राचा होतो आणि मग तो तालुक्याला वाटून दिला जातो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. मे आणि ऑक्टोबरमधला फरक म्हणजे पावसाने भरलेले पाणी.

एक कल्पित पाणलोट घेऊ. मांजरेच्या खोऱ्यातला, २०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे २०,००० हेक्टरचा. पावसाळ्यात पातळी ४ मीटर चढली. सच्छिद्र बेसॉल्टमध्ये पाणी देऊ शकणारी पोकळी साधारण २ टक्के धरतात, म्हणून साठ्यात वाढ १,६०० हेक्टर मीटर, म्हणजे १,६०० हेक्टरवर एक मीटर उंच उभे राहील एवढे पाणी. पावसाळ्यातच उपसलेले ३०० त्यात मिळवले की १,९०० होतात. उलटतपासणीसाठी ७०० मिलिमीटर पावसाचे १३ टक्के जिरले असे धरले, तर १,८२० येतात. दोन आकड्यांत २० टक्क्यांहून जास्त तफावत नाही, म्हणून पहिला ग्राह्य. बिगर-पावसाळी जिरपणीचे २५० धरून २,१५० झाले. नदीच्या नैसर्गिक प्रवाहासाठी ५ टक्के सोडले की सुमारे २,०४० उरले. आता उपसा. नोंदीतल्या १,२०० विहिरी, प्रत्येकी वर्षाला १.१ हेक्टर मीटर, आणि पिण्याचे ६०, मिळून १,३८०. भागाकार ६८ टक्के. शिक्का: सुरक्षित.

कच्चा दुवा हा १,२०० चा आकडा आहे. खोदलेल्या विहिरी दिसतात, त्यांची गणना होते. रातोरात गाडी लावून घेतलेला बोअर कुठल्या यादीत जातो? रब्बी आणि उन्हाळ्यात चालणारे, नोंद न झालेले ४०० बोअर, प्रत्येकी १.२ हेक्टर मीटर धरले तर उपसा १,८६० होतो आणि टक्केवारी ९१. एका सुटलेल्या रकान्याने पाणलोट 'शोषित' झाला. उसाच्या पट्ट्यात हा रकाना किती मोठा असेल, हे मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा.

दुसरे म्हणजे, हिशेब सरासरी पावसावर आणला जातो. दुष्काळी वर्षात पुनर्भरण निम्म्यावर आले तरी शिक्का बदलत नाही, कारण तो त्या वर्षाचा नसतोच. शिवाय आपल्या बेसॉल्टचे वरचे थर पातळ. ऑक्टोबरात भरलेली विहीर मार्चमध्ये कोरडी, आणि वर्षाची बेरीज तरी ७० च्या आत. वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या किंवा रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात अतिशोषित असण्याचा अर्थ वेगळा आहे. तिथे उपसा जिरलेल्यावर चढलेला. इथे अनेकदा साठवणच तोकडी असते. एकच शिक्का दोन्ही गोष्टी सांगू शकत नाही.

चूक ओळखण्याची खूण पद्धतीतच ठेवलेली आहे. उपसा ७० च्या आत, पण मे आणि ऑक्टोबर दोन्हींच्या पातळ्या अनेक वर्षे सलग घसरत असतील, तर हिशेब पुन्हा तपासायचा. बहुतेक वेळा विहिरींची संख्या किंवा प्रत्येकीचा उपसा कमी धरलेला असतो. मात्र निरीक्षण विहिरी बहुतांशी साध्या खोदलेल्या असल्यामुळे खोल बोअर ज्या थरातून ओढतो, त्या थराची घसरण त्यांत उशिरा दिसते किंवा दिसतही नाही.

शिक्क्याचे परिणाम मात्र लगेच होतात. अनुदानाच्या विहिरीचा अर्ज करणाऱ्याला तालुका किंवा पाणलोट कोणत्या वर्गात आहे हे पाहावे लागते. 'सुरक्षित' असले की नवी विहीर मंजूर होणे सोपे, आणि त्या विहिरीचा उपसा पुढच्या अंदाजात येईपर्यंत शेजारच्या शेतात आणखी बोअर झालेले असतात.