धंद्यातला तोटा आणि न मुरलेला घसारा: ताळेबंदात एकच आकडा, रिटर्नमध्ये दोन

वर्षअखेरीला नफा-तोटा पत्रकाच्या तळाशी साडेपाच लाखांचा तोटा दिसला, की बहुतेक जण म्हणतात, "चला, पुढच्या वर्षी हा वळता होईल." पण आयकर कायदा त्या साडेपाच लाखांकडे एक रक्कम म्हणून पाहतच नाही. त्यातला घसाऱ्यामुळे झालेला भाग वेगळा आणि खरोखर धंद्यात गेलेला भाग वेगळा. दोन्ही पुढे ओढता येतात, म्हणूनच ते सारखे वाटतात. पण पुढे ओढण्याच्या अटी, मुदत आणि ते कोणत्या उत्पन्नातून वळते होतात, हे सगळे निराळे आहे.

इचलकरंजीतली एक भागीदारी फर्म घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण असे हिशेब तिथे घरोघरी सापडतील. यंत्रमागांचा धंदा, ऑडिट लागू नाही, आर्थिक वर्ष 2023-24.

आधी घसारा काढू. आयकरात प्रत्येक मागाचा घसारा वेगळा काढत नाहीत. 15 टक्के दर लागणारी सगळी यंत्रसामग्री एकाच गटात, म्हणजे ब्लॉकमध्ये जाते. 1 एप्रिलला या ब्लॉकची शिल्लक किंमत 20 लाख होती. 10 नोव्हेंबरला 4 लाखांचा सेकंडहँड माग घेऊन लगेच चालू केला आणि एक जुना माग 2 लाखांना विकला. आता ब्लॉक 22 लाखांचा झाला. नवा आलेला माग वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरला गेला, म्हणून त्याच्या 4 लाखांवर निम्माच दर: 30,000. उरलेल्या 18 लाखांवर 15 टक्के: 2,70,000. एकूण घसारा 3 लाख आणि पुढच्या वर्षासाठी ब्लॉक 19 लाखांचा.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. वहीत त्या जुन्या मागाची किंमत 3,20,000 होती, म्हणून अकाउंटंटने "मशीन विक्रीतला तोटा" म्हणून 1,20,000 खर्ची टाकले. आयकरासाठी ही रक्कम खर्चातून काढून परत नफ्यात मिळवावी लागते. ब्लॉकमधून विक्रीची रक्कम तेवढी वजा होते. त्या एका मागाचा वेगळा नफा नाही आणि तोटाही नाही. ब्लॉकमधली सगळी यंत्रे विकून गट रिकामा झाला, किंवा विक्रीची रक्कम ब्लॉकपेक्षा जास्त निघाली, तरच कलम 50 लागते. मग जे निघते ते अल्पकालीन भांडवली नफा किंवा तोटा असते. त्याचा या लेखातल्या दोन्ही रकमांशी संबंध नाही.

आता धंदा. घसारा धरण्याआधीच, ती 1,20,000 ची दुरुस्ती करून, फर्मला 2,50,000 चा तोटा आहे. सुताचे भाव, वीजबिल, व्याज यांत पैसे खरोखर गेले आहेत. नफाच नसल्यामुळे 3 लाखांचा घसारा मुरायला जागाच नाही. त्या वर्षी दुसरे उत्पन्नही नाही. म्हणून 2,50,000 हा धंद्याचा तोटा आणि 3,00,000 हा न मुरलेला घसारा, असे साडेपाच लाखांचे दोन तुकडे पुढे जातात.

यातला धंद्याचा तोटा कलम 72 खाली जातो. पुढच्या आठ करनिर्धारण वर्षांतच तो वापरता येतो. करनिर्धारण वर्ष म्हणजे आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचे वर्ष. 2024-25 या करनिर्धारण वर्षातला हा तोटा 2032-33 पर्यंत. आणि पुढे गेल्यावर तो फक्त धंद्याच्या नफ्यातूनच वळता होतो, भाड्यातून किंवा व्याजातून नाही. घसारा कलम 32(2) खाली जातो. कायदा त्याला पुढच्या वर्षाच्या घसाऱ्याचाच भाग मानतो. म्हणून त्याला मुदत नाही आणि धंद्यात नफा पुरला नाही तर तो घरभाड्यासारख्या दुसऱ्या उत्पन्नातूनही वळता होतो.

पुढच्या, म्हणजे 2024-25 या आर्थिक वर्षात फर्मला घसाऱ्याआधी 6 लाखांचा नफा झाला आणि गोडाऊनच्या भाड्याचे करपात्र उत्पन्न 1,20,000. नफ्यातून पहिल्यांदा चालू वर्षाचा घसारा वजा होतो: 19 लाखांवर 15 टक्के, म्हणजे 2,85,000. राहिले 3,15,000. मग मागचा धंद्याचा तोटा 2,50,000 वजा केला, राहिले 65,000. सर्वांत शेवटी मागचा घसारा: 65,000 इथे आणि 1,20,000 भाड्यासमोर. करपात्र उत्पन्न शून्य आणि 1,15,000 घसारा अजून हातात. हा क्रम कायद्यानेच ठरवला आहे आणि माझ्या मते तो करदात्याच्या बाजूचा आहे: मुदत असलेली रक्कम आधी संपते, बिनमुदतीची मागे राहते.

पण हे सगळे पहिल्या वर्षाचे रिटर्न 31 जुलै 2024 पर्यंत भरले असेल तर. समजा फर्मने ते डिसेंबरमध्ये भरले. कलम 80 सांगते की वेळेत रिटर्न भरले नाही तर धंद्याचा तोटा पुढे नेता येत नाही. त्या कलमात घसाऱ्याचा उल्लेख नाही, म्हणून 3 लाख वाचतात आणि 2,50,000 जातात. दुसऱ्या वर्षी 3,15,000 मधून 3,00,000 घसारा गेला, राहिले 15,000. त्यात भाड्याचे 1,20,000. फर्मला किमान करमुक्त मर्यादा नसते. 1,35,000 वर 30 टक्के आणि 4 टक्के उपकर मिळून 42,120 रुपये कर. शिवाय हाती राहणारा 1,15,000 चा घसाराही संपला. दंड किंवा व्याज न धरता, फक्त उशिराची ही किंमत.

यावर काही जण युक्ती सुचवतात, की तोट्याच्या वर्षी घसारा घ्यायचाच नाही, ब्लॉक मोठा राहू द्यायचा. 2002-03 या करनिर्धारण वर्षापासून तो रस्ता बंद आहे. कलम 32 च्या स्पष्टीकरण 5 नुसार तुम्ही मागा किंवा न मागा, घसारा घेतला असेच धरले जाते. म्हणजे ब्लॉक तर कमी होतोच, आणि रिटर्नमध्ये न दाखवलेला घसारा पुढे सिद्ध करत बसावे लागते.

सॉफ्टवेअरमधून रिटर्न भरताना दोन जागा स्वतः उघडून पाहा. `Schedule CFL` मध्ये धंद्याचा तोटा, त्याचे वर्ष आणि रिटर्न भरल्याची तारीख असते. `Schedule UD` मध्ये घसारा. आपल्या फर्मच्या CFL मध्ये साडेपाच लाख आणि UD रिकामे दिसले, तर घसारा तोट्यात मिसळला गेला आहे. मग त्यालाही आठ वर्षांची मुदत लागेल, आणि रिटर्न उशिरा गेले असेल तर तोही बुडाल्यासारखा दिसेल. ही चूक पहिल्याच वर्षी सुधारित रिटर्नने दुरुस्त करणे सोपे असते. तीन-चार वर्षांनी नफा आल्यावर ती सापडली, तर प्रत्येक वर्षाची पत्रके पुन्हा जुळवावी लागतात.

वर दिलेले कलमांचे क्रमांक 1961 च्या कायद्यातले आहेत. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या आयकर कायदा 2025 मध्ये ते बदलले आहेत, जुन्या वर्षांचे हिशेब मात्र जुन्याच क्रमांकांनी चालतात. आणि उशिरामुळे तोटा गेलाच असेल, तर कलम 119(2)(ब) खाली आयकर विभागाकडे विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यासाठी ते करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षे मिळतात. आजारपण, आग, पूर अशा खऱ्या अडचणीचा कागदोपत्री पुरावा असेल तरच तो टिकतो. "सीएंकडे कागद उशिरा पोचले" एवढ्यावर भिस्त ठेवू नका.