पेढे जास्त खपले, मग नफा का घटला?

नारायण पेठेतल्या एका मिठाईच्या दुकानाचे हिशेब मी बरीच वर्षं बघतो. दहावी-बारावीच्या निकालांची धामधूम ओसरली आणि काकांनी वही माझ्यापुढं सरकवली. "विक्री बासष्ट हजारांनी वाढलीय आणि नफा जवळजवळ पाच हजारांनी कमी. गल्ल्यात कोणी हात घातला म्हणावं, तर गल्ल्यावर मी स्वतः बसतो."

गल्ल्याचा दोष नव्हता. उत्तर स्टँडर्ड कॉस्टिंगच्या, म्हणजे आधी ठरलेले आकडे आणि प्रत्यक्ष आकडे यांतली तफावत काढण्याच्या, तीन छोट्या गणितांत होतं. परीक्षेला बसणारी मुलं ही गणितं सूत्रं पाठ करून सोडवतात आणि शेवटी ‘कारणे द्या’ आलं की ‘बाजारातील मागणी’ असं काहीतरी लिहून मोकळी होतात. खरी मजा त्या कारणांतच आहे. हिशेब डोक्यात बसावा म्हणून मी आकडे गोल केलेत आणि दुकानातले दोनच जिन्नस घेतलेत.

महिन्याचा अंदाज असा होता: ६०० किलो पेढे, ५०० रुपये किलोनं. एका किलोचा ठरलेला खर्च ४००, म्हणजे सुटणार १०० रुपये. काजूकतली ४०० किलो, १,००० रुपये दर, खर्च ७००, सुटणार ३०० रुपये. एकूण १,००० किलो माल, विक्री ७ लाख, नफा १,८०,०००. प्रत्यक्षात पेढे ९०० किलो गेले आणि तेही ५२० रुपयांनी. काजूकतली ३०० किलोच गेली, ती ९८० रुपयांनी. विक्री झाली ७,६२,०००.

पहिलं गणित दराचं, आणि ते सोपं आहे. जेवढा माल खरोखर विकला, तेवढ्यालाच दरातल्या फरकानं गुणायचं. पेढ्यावर किलोमागं २० रुपये जास्त मिळाले, म्हणजे ९०० गुणिले २०, १८,००० रुपये फायद्याचे. कतलीवर किलोमागं २० सोडले, म्हणजे ६,००० रुपये तोट्याचे. निव्वळ १२,००० अनुकूल. निकालाच्या दिवशी पेढ्याचा दर विचारून कोणी परत जात नाही, म्हणून तिथं वाढ चालून गेली. कतली मे महिन्याच्या उन्हात पडून राहू लागली, म्हणून तिथं काकांनी हात सैल सोडला. दराची तफावत बहुतेक वेळा अशी दुकानदाराच्या स्वतःच्या निर्णयातून येते, त्यामुळे तिचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

दुसरं गणित मिश्रणाचं. इथं बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा सावकाश जाऊ.

एकूण माल गेला १,२०० किलो. आता स्वतःला विचारायचं, की हेच १,२०० किलो जर अंदाजातल्या प्रमाणात, म्हणजे दहात सहा पेढे आणि चार कतली असे गेले असते तर? पेढे ७२० किलो आणि कतली ४८० किलो. प्रत्यक्षात पेढे त्याहून १८० किलो जास्त गेले आणि कतली बरोबर तेवढीच कमी. जणू १८० किलो गिऱ्हाईक कतलीच्या बरणीपासून उठून पेढ्याच्या ताटाकडे गेलं. उठताना त्यानं किलोमागं ३०० रुपये सुटणारा माल सोडला आणि १०० रुपये सुटणारा घेतला. दर किलोला २०० रुपयांचा फटका, म्हणजे १८० किलोंना ३६,००० रुपये. ही सेल्स मिक्स व्हेरियन्स, प्रतिकूल.

आता नुसत्या नगाचा, म्हणजे जास्त खपलेल्या २०० किलोंचा हिशेब. ते अंदाजातल्या प्रमाणात गेले असते तर किलोमागं सरासरी १८० रुपये सुटले असते. १,८०,००० भागिले १,००० केलं की हा आकडा मिळतो. २०० गुणिले १८०, ३६,००० अनुकूल.

दोन्ही आकडे एकच आले! म्हणजे वीस टक्के जास्त माल विकण्याची सगळी धावपळ, ते खोके भरणं, त्या रांगा, हे सगळं मिश्रणानं गिळून टाकलं. ताळा पाहायचा तर ९०० किलो पेढ्यांचे शंभरानं ९०,००० आणि ३०० किलो कतलीचे तीनशेनं ९०,०००. बेरीज पुन्हा १,८०,०००.

काकांनी कतलीच्या काउंटरवरच्या पोराकडे जरा रागानं बघितलं. मी म्हटलं, "त्याला काही बोलू नका. चूक तुमच्या अंदाजात आहे."

सहाला चार हे प्रमाण त्यांनी वर्षभराच्या विक्रीची सरासरी काढून बसवलं होतं. दिवाळीत कतलीचे खोके भेट म्हणून जातात, तेव्हा कतली वर चढते. निकालाला पुणेकर पेढेच वाटतो, कतली वाटत नाही. वर्षाची सरासरी मे-जूनला लावली, तर मिश्रणाची तफावत दर वर्षी प्रतिकूल येणार आणि दिवाळीत दर वर्षी अनुकूल. गणित बरोबर असूनही त्यातून कोणाची कामगिरी कळत नाही, फक्त पंचांग कळतं. पुढच्या वर्षी निकालाच्या महिन्याचं प्रमाण वेगळं बसवायचं, मग जी तफावत उरेल तिच्याबद्दल पोराला विचारता येईल.

अजून एक खोच आहे. हेच गणित नफ्याऐवजी विक्रीच्या रकमेवरही मांडतात. तसं केलं तर मिश्रणाचा फटका ९०,००० येतो, नगाचा फायदा १,४०,०००, आणि दोन्ही मिळून ५०,००० अनुकूल. त्यात दराचे १२,००० मिळवले की काकांच्या वहीतले ६२,००० जुळतात. विक्रीचा हिशेब म्हणून ते चूक नाही. पण ती पन्नास हजारांची वाढ नफ्यात शून्य रुपयांची आहे, हे त्यात दिसत नाही. दुकान कसं चाललंय हे पाहायचं असेल, तर मी नफ्यावरच मांडतो.

आता इथवर नफा १,९२,००० व्हायला हवा. वहीत मात्र १,७५,२००. उरलेले १६,८०० रुपये काउंटरवर सापडणार नव्हते, कारण विक्रीच्या तफावती काढताना खर्च ठरलेलाच धरतात. ते मागं, भट्टीपाशी शोधायचे.

तिथं तिसरं गणित लागतं, उताऱ्याचं. पुस्तकात यील्ड व्हेरियन्स म्हणतात, पण साखर कारखान्यांच्या मुलखात ‘उतारा’ समजावून सांगावा लागत नाही. उसातून साखर किती, तसा दुधातून खवा किती.

काकांचं ठरलेलं माप असं: १०० लिटर दुधात म्हशीचं ६०, गाईचं ४०. म्हशीचं ७० रुपये लिटर, गाईचं ५०. म्हणजे १०० लिटरला ६,२०० रुपये आणि त्यातून खवा २० किलो. एक किलो खवा ३१० रुपयांना पडतो. पेढ्यात चार भाग खवा आणि एक भाग साखर, तेव्हा ९०० किलो पेढ्यांना ७२० किलो खवा लागला. त्यासाठी दूध आटवलं ४,००० लिटर, म्हशीचं निम्मं आणि गाईचं निम्मं. दर ठरल्याप्रमाणेच होते.

दुधाच्या मिश्रणात पैसे वाचले. ठरल्या प्रमाणानं म्हशीचं २,४०० लिटर लागायचं, ते ४०० लिटर कमी घेतलं. त्याजागी गाईचं ४०० लिटर आलं, दर लिटरला २० रुपये स्वस्त. ८,००० रुपये अनुकूल. उन्हाळ्यात म्हशी दुधाला कमी असतात, म्हणून हा बदल झाला. काकांनी काही शक्कल लढवली नव्हती.

उताऱ्यात मात्र मार बसला. ४,००० लिटरांतून ८०० किलो खवा यायचा, आला ७२०. तूट ८० किलो, ३१० नं २४,८०० रुपये प्रतिकूल. मिश्रणाचे ८,००० वजा केले की ते हरवलेले १६,८०० बरोबर सापडतात.

परीक्षेतलं ठरावीक उत्तर इथं तयार असतं: स्वस्त माल घातला, म्हणून मिश्रण अनुकूल आणि उतारा प्रतिकूल. काकाही तेच म्हणाले, "गाईच्या दुधानं घात केला." हे पूर्ण खरं नाही, आणि तपासता येतं.

खवा म्हणजे दुधातले घन पदार्थ अधिक थोडं पाणी. म्हशीच्या दुधात घन पदार्थ जास्त, मुख्यतः स्निग्धांशामुळे. काकांच्या ठरलेल्या मापात लिटरला म्हशीचा खवा २२० ग्रॅम आणि गाईचा १७० ग्रॅम धरलाय. मग निम्म्या-निम्म्या मिश्रणातून ४४० अधिक ३४०, म्हणजे ७८० किलो यायला हवा होता. गाईच्या दुधाचा दोष ८० पैकी २० किलोंचाच, रुपयांत ६,२००. आणि त्या बदल्यात ८,००० वाचले होते! म्हणजे गाईचं दूध घेण्यात १,८०० रुपये फायदाच झाला. गाईचा खवा किंचित पिवळसर आणि चिकट होतो, तो पेढ्यात चालतो का हा प्रश्न वेगळा, तो जिभेनं सोडवायचा.

उरलेले ६० किलो, म्हणजे १८,६०० रुपये, गेले कुठे? शक्यता दोन जातींच्या. एक, घन पदार्थच कमी पडले: दुधात पाणी होतं, खवा कढईला लागून खरवडीत गेला किंवा कोणी नेला. दुसरी, घन पदार्थ जागेवर आहेत, पण पाणी जास्त उडालं. पहिलीत माल गेला, दुसरीत गेलं फक्त वजन. आणि आपण विकतो वजनच.

दुधाच्या रोजच्या फॅट आणि एसएनएफच्या, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांच्या, चिठ्ठ्या तपासल्या, त्या ठीक होत्या. मग खव्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. पाच ग्रॅम खवा साधारण १०० अंशांवर, वजन बदलायचं थांबेपर्यंत वाळवला. उरले पावणेचार ग्रॅम, म्हणजे पाणी २५ टक्के. ठरलेलं माप ३० टक्क्यांचं होतं. ७८० किलो खव्यात ७० टक्क्यांनी ५४६ किलो घन पदार्थ. तेच २५ टक्के पाण्याच्या खव्यात मावले, तर वजन भरतं ७२८ किलो. साठातले ५२ किलो असे निव्वळ वाफ होऊन गेले. उरलेले आठ किलो खरवडीत गेले असावेत. नमुना एकाच दिवसाचा होता, म्हणून सगळा महिना त्याच्यावर लादणं बरोबर नाही, पण आकडा इतका जवळ आल्यावर भट्टीवरच्या कारागिराला विचारणं भाग होतं.

तो उलथनं बाजूला ठेवून म्हणाला, "काका, तुम्हीच सांगितलं होतंत ना, ऊन फार आहे, खवा आंबतोय, चांगला कोरडा कर म्हणून?"

काकांनी वही माझ्याकडून काढून घेतली.